एका तासाचा फरक

आई वाईत, मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला पहिल्या नोकरीवर, आणि दोघांच्या ईमेलींखेरीज कथेत एकही ओळ नाही, एवढं ठरवून मी लिहायला बसले. बसल्या बसल्या अडले. आज असे मायलेक ईमेल करतच नाहीत. व्हिडिओ कॉल करतात, आणि समोर चेहरा दिसला की आईपासून काय लपणार? व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ मध्ये. म्हणून कथाच मागे नेली. मुलगा ऑगस्ट २००७ मध्ये निघतो आणि निघण्याआधी घरात कॉम्प्युटर बसवून, आईला शिकवून जातो.

शिकवून म्हणजे कसं, तर आईला ‘रिप्लाय’ तेवढं जमतं. नवी मेल उघडणं तिच्या हातून होत नाही. त्यामुळे मुलानं पहिल्या दिवशी विषय म्हणून जे लिहिलं, तेच कथाभर डोक्यावर राहतं: ‘Re: पोचलो’. दिवाळीचा फराळही ‘पोचलो’खाली आणि पुढचं सगळं अरिष्टही.

पहिल्या खर्ड्यात आईनं लिहिलं होतं, ‘तुझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली, मीही आता शाळेतून निवृत्त झाले.’ कोणती आई मुलाला हे कळवते? पत्रांतून सांगितलेल्या कथेला हाच रोग आधी लागतो: वाचकाला सांगायचं ते पात्राच्या गळ्यात बांधायचं. मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला, ज्याला मेल आहे त्याला यातून नवं काय कळलं? काहीच नसेल तर काट. शेवटी उरलं ते एवढंच: ‘बाबांची तिथी गुरुवारी आहे. रजा टाकू नकोस.’ त्यात बाबाही आले आणि आईचा स्वभावही.

पण कथा हाती लागली ती माझ्या एका चुकीमुळे. मुलगा जेवणाच्या सुट्टीत, तिथल्या साडेबाराला चार ओळी लिहितो. वाचक आईचा इनबॉक्स पाहतोय, तेव्हा प्रत्येक मेलीवर भारतातली वेळ. मी सगळीकडे दुपारचे चार टाकले होते. खर्डा वाचून जर्मनीत राहून आलेली मैत्रीण म्हणाली, ‘अगं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे जातात. साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. नोव्हेंबरात त्याची मेल पाचला यायला हवी.’

चूक दुरुस्त करून गप्प बसता आलं असतं. मी ती आईला देऊन टाकली. २८ ऑक्टोबरनंतर मेल पाचला येऊ लागते आणि आई विचारते, ‘हल्ली जेवायला उशीर होतो का रे?’ मुलगा हसतो, घड्याळाची गंमत समजावतो. वाचकही हसतो. आई मात्र शाळामास्तरीण. ती हिशेब पक्का करून ठेवते.

मग २९ जानेवारी २००८, मंगळवार. दुपारी तीन वाजता मेल येते आणि चांगली पानभर असते. बर्फ, शेजारची म्हातारी, भाकरी थापण्याचा प्रयोग. इतकी रसाळ मेल त्यानं कधी लिहिलेली नाही. आई तिनातून साडेचार वजा करते. साडेदहा. कामाच्या दिवशी साडेदहाला पानभर लिहायला वेळ कुणाला असतो?

जर्मनीत पहिले सहा महिने बहुधा परीक्षेचे असतात, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. ऑक्टोबरातल्या एका मेलीत मुलानं हे सहज सांगून टाकलेलं असतं. आता तो त्याबद्दल अक्षर काढत नाही. आईनं गेल्या वेळी पाच गोष्टी विचारल्या होत्या, त्यांतल्या चारांची उत्तरं सविस्तर आहेत. पाचवा प्रश्न होता, ‘साहेब बरे आहेत ना?’

इथे मी आठवडाभर अडले. आईनं विचारलं तर कथा संपते, न विचारलं तर ती आई कसली? तिचं उत्तर तीन वेळा लिहून फाडलं. तिन्ही वेळा ती फार शहाणी वाटत होती. चौथ्यांदा तिनं भाकरीला पीठ गरम पाण्यात मळायला सांगितलं, आणि खाली लिहिलं, ‘माझी बँकेतली ठेव पंधरा तारखेला सुटते. मला काही लगेच लागणार नाहीये.’

मुलाचं उत्तर एका ओळीचं आहे, आणि त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच तो ‘रिप्लाय’ न करता नवी मेल लिहितो. विषयाची जागा कोरी.

कथा एका दिवाळी अंकात आली. पानं वाचवायला त्यांनी मेलींवरच्या तारखा आणि वेळा काढून टाकल्या होत्या. छापून आली ती प्रेमळ आई आणि भाकरी शिकणारा मुलगा यांची गोड गोष्ट. तेव्हापासून माझ्या प्रत्येक हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेलं असतं: वेळा गाळू नयेत.