पवनचक्की उतरली, पात्याचं काय?

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या जुन्या पवनचक्क्यांनी पंचविशी गाठलीय. उद्या त्या उतरवल्या, तर मनोऱ्याचं लोखंड, जनरेटरमधलं तांबं भंगारवाला हसत नेईल. मला काळजी पात्यांची आहे.

पातं म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. हे रेझिन एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून काच सहज सुटी करता येत नाही. अमेरिकेत कॅस्परला पाती कापून सरळ पुरली. जर्मनीत तुकडे सिमेंटच्या भट्टीत जातात. तिथे रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काचेतली सिलिका सिमेंटमध्ये मिसळते.

पण कापणी, वाहतुकीचा खर्च कोणाचा? मंडळी, जमिनीचा करार नव्याने करताना पाती कोण आणि किती दिवसांत नेणार, हे लिहून घ्या. नाहीतर ती आपल्याच बांधावर पडून राहतील.