अण्णांसाठी चार गाणी

परदेशातून वडिलांना गाण्यांचं पत्र पाठवायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती गाण्यांचीच. मराठी गाण्यांत आई भरभरून आहे. पी. सावळारामांनी तर सासरी निघालेली लेक घरोघरी पोचवली. पण मोठा झालेला मुलगा बापाशी बोलतोय, असं गाणं शोधू गेलं तर फार थोडं हाती लागतं. गीतरामायणात भरताला समजावणारा राम आहे. घरापासून लांब आलेला हा मुलगा वडिलांना कसलाच दोष देत नाही. मला अण्णांना सांगायचंय ते हेच. तरीही स्टुटगार्टहून मिरजेला जाणाऱ्या माझ्या पत्रात ते गाणं नसतं, कारण त्या प्रसंगी दशरथ हयात नाही. 1955 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा अण्णा शाळेत होते. कुठल्या गाण्यामागे कुठला प्रसंग, हे त्यांना सांगावं लागत नाही.

सावरकरांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेलं, हृदयनाथांच्या चालीतलं गाणंही मी टाळतो. त्यात घरची ओढ इतकी उघडी आहे की ते ऐकून अण्णा तडक फोन करतील आणि विचारतील, ‘काय झालं रे?’ मग मी ‘काही नाही’ म्हणणार आणि पत्र तिथंच संपणार.

म्हणून गाणं निवडायचं ते त्यांच्या आयुष्यातलं, माझ्या मनःस्थितीचं नव्हे. आणि आपल्याला जे म्हणायचं, त्याच्या एक पाऊल अलीकडे गाण्याआधीचं निवेदन थांबवायचं. आई गेल्यावर अण्णांना एकटं वाटतं का, हे मला फोनवर विचारता येत नाही. विचारलं तर ‘छे, मजेत आहे’ एवढंच उत्तर येईल. एका पत्रात मी म्हटलं, ‘अण्णा, इथं रात्री नऊ वाजले तरी उजेड आहे. आईची पेटी अधूनमधून उघडता ना? भाता नुसता पडून राहिला की खराब होतो.’ एवढंच. पुढं लगेच ‘शुक्रतारा’ सुरू. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. आमच्या घरी सुधाबाईंच्या ओळी आई म्हणायची. त्या ओळींपाशी अण्णांना जे आठवेल, त्यात मी बोलायची गरज नाही.

गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यमेळावर आपला आवाज चढवायचा मोह होतो. रेडिओवर ते शोभतं, पत्रात नाही. वयोमानानं कानाला आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात आणि मागं व्हायोलिनं वाजत असली तर वाक्यच कळत नाही. म्हणून निवेदन कोरडं ठेवायचं, मग दोन सेकंद शांतता, मग गाणं. गाणं संपल्यावर मात्र सहा-सात सेकंद काहीच नाही. ती जागा अण्णांची. मी आवाज कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करतो, म्हणजे खोली घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरतो, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ फटकन आदळतात. जुन्या गाण्यांचे आवाज कमीजास्त असतात, तेही आधीच सारखे करून घ्यायचे. सारखं उठून बटण फिरवावं लागलं तर ऐकणं तुटतं.

हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवता आलं असतं. पण तिथं एकेक तुकडा सुटा पडतो आणि मधेच कुणाचा तरी निरोप टपकतो. मी पेन ड्राइव्ह पाठवतो, इथून सुट्टीला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी. अण्णांच्या फळीवर पेन ड्राइव्ह लागणारा साधा रेडिओ आहे. असे बरेचसे रेडिओ फायलींची नावं पाहत नाहीत, ज्या क्रमानं त्या पेन ड्राइव्हवर उतरल्या त्याच क्रमानं वाजवतात. सगळ्या एकदम ओढून टाकल्या तर क्रम बिघडू शकतो, आणि पेटीच्या भात्याच्या वाक्यानंतर भीमसेनांचा अभंग लागला तर पत्राचा अर्थच बदलतो. म्हणून आधी पेन ड्राइव्ह कोरा करायचा, मग `01_patra.mp3`, ती पूर्ण उतरली की `02_gaane.mp3`, अशा एकामागून एक टाकायच्या. चार गाणी आणि पाच निवेदनं, सगळं मिळून वीसेक मिनिटांचं. याहून लांब झालं तर चहा येतो, दार वाजतं.

अण्णा पत्राबद्दल फारसं बोलत नाहीत. ‘शुक्रतारा’च्या पत्रानंतर फोनवर पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. ठेवता ठेवता म्हणाले, ‘पुढच्या वेळी ते “जिव्हाळा”तलं टाक. लताबाईंचं, गदिमांचं.’

संध्याकाळ झाली, आता घरी फिरा, असं चिमण्यांना सांगणारं गाणं आहे ते. मी ‘टाकतो’ म्हणालो. नव्या पत्रात ते पहिलंच ठेवलंय, आणि त्याआधीच्या निवेदनात फक्त तिकिटाची तारीख सांगितली आहे.