'43' म्हणजे कोणते साल?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला करविषयक प्रकरणात एक भेद प्रथम शिकवला जातो. कर कोणावर बसवला हा एक प्रश्न, आणि त्याचा भार अखेर कोणावर पडला हा दुसरा. संगणक प्रणालीतील दोषांचे अहवाल वाचताना मला हा भेद वारंवार आठवतो. अभियंता दोष कुठे आहे ते लिहितो. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा भार कोणावर पडतो आहे ते हवे असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मात्र पहिल्या उत्तरातून दुसरे आपोआप निघत नाही, ते कोणीतरी काढून द्यावे लागते.

एप्रिल 2024 मधील एक उदाहरण सविस्तर सांगतो. दिल्लीतील एका कार्यालयात निवृत्तिवेतनाच्या जुन्या नोंदी आदल्या वर्षी जून महिन्यात नव्या प्रणालीत आणल्या होत्या. नोएडाला बसणाऱ्या तरुण अभियंत्याकडून एक अहवाल माझ्या टेबलावर आला. त्यातील मजकूर एवढाच:

```
TO_DATE('14-08-43', 'DD-MM-RR')  -- 14-08-2043
age < 0, addl_pct = 0, no error. Sev 4.
```

शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ 'तीव्रता चौथ्या श्रेणीची', म्हणजे सर्वांत कमी. अभियंत्याच्या मोजपट्टीने ते योग्यच होते. प्रणाली बंद पडली नव्हती, पडद्यावर चुकीचा संदेश नव्हता, कोणाचे वेतन अडले नव्हते. हा कागद जसाच्या तसा वर गेला असता तर आमच्या वरिष्ठांनी, ज्यांचा संगणकाशी संबंध ईमेलपुरता होता, त्यावर 'पाहिले' अशी सही केली असती आणि विषय संपला असता.

मी अभियंत्याला फोन करून तीनच गोष्टी विचारल्या. हे कोणाच्या बाबतीत घडते? कधीपासून? आणि काहीच केले नाही तर पुढच्या महिन्यात काय होईल? त्याची उत्तरे अशी. जुन्या फायलींत जन्मसाल दोन आकडी होते. '43' वाचताना प्रणालीला शतक स्वतः ठरवावे लागते, आणि तिचा नियम असा, की 00 ते 49 हे आकडे चालू शतकातले मानायचे व 50 ते 99 मागच्या शतकातले. त्यामुळे 1950 नंतर जन्मलेले सर्व ठीक राहिले. चाचणीसाठी घेतलेल्या नोंदी नुकत्याच निवृत्त झालेल्यांच्या, अर्थात 1960 च्या आसपास जन्मलेल्यांच्या होत्या. म्हणून चाचणीत काहीच दिसले नाही.

आता नियमाची बाजू. सहाव्या वेतन आयोगापासून केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाला वयाच्या ऐंशीव्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनावर 20 टक्के वाढ मिळते. पंच्याऐंशीला ती 30, नव्वदीला 40, पंच्याण्णवला 50 आणि शंभरीला 100 टक्के होते. ज्या महिन्यात ते वय पूर्ण होते, त्या महिन्याच्या 1 तारखेपासून ती लागू होते. हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवले की अहवालाचा खरा अर्थ उघड होतो. प्रणाली ज्यांचे शतक चुकवत होती, नेमक्या त्यांनाच ही वाढ द्यायची होती.

मी वर पाठवलेले टिपण इंग्रजीत होते. त्याचा आशय मराठीत असा:

"जून 2023 नंतर ज्यांनी वयाची 80 वर्षे पूर्ण केली, त्यांच्यापैकी ज्यांची नोंद जुन्या फायलींतून आली आहे, त्यांना वाढीव निवृत्तिवेतन सुरू झालेले नाही. घरातल्या जुन्या पत्रावर 14-8-43 अशी तारीख असली तर आपण ती 1943 ची समजतो. प्रणालीने ती 2043 ची समजली आहे. तिच्या हिशेबी हे गृहस्थ अजून जन्मालाच यायचे आहेत, म्हणून ती त्यांना काही देत नाही आणि तक्रारही करत नाही.

ज्यांना आधीपासून 20 टक्के मिळत होते त्यांचे ते चालू आहे. परंतु पंच्याऐंशीला 30 टक्के व्हायला हवे होते ते झालेले नाही.

एक उदाहरण. 14 ऑगस्ट 1943 चा जन्म, मूळ निवृत्तिवेतन 25,000 रुपये. 1 ऑगस्ट 2023 पासून दरमहा 5,000 रुपये वाढ आणि त्यावर महागाई सवलत देय होती. डिसेंबरपर्यंत 46 टक्के दराने महिना 7,300, जानेवारीपासून 50 टक्के दराने महिना 7,500. मार्चअखेर आठ महिन्यांची थकबाकी 59,000 रुपये.

दुरुस्ती झाली नाही तर दर महिन्याला ऐंशी पूर्ण करणारी नवी माणसे या यादीत येतील.

दुरुस्ती दोन भागांत आहे. ज्यांची जन्मतारीख भविष्यकाळात दिसते ती निःसंशय चूक आहे. तिथे शंभर वर्षे वजा करता येतील. ज्यांचे जन्मसाल 2000 ते 2024 मध्ये दिसते तिथे असे करता येणार नाही. '20' म्हणजे शंभरी ओलांडलेले आजोबा असू शकतात, किंवा कुटुंब निवृत्तिवेतन घेणारे चार वर्षांचे मूल. या नोंदी मूळ कागदांवरून हाताने तपासाव्या लागतील. त्यासाठी माणसे देण्यास मान्यता हवी."

या टिपणात `RR` कुठेच नाही, कारण त्याने वरिष्ठांच्या निर्णयात काही फरक पडत नव्हता. मात्र 'जुन्या फायलींतून आलेली नोंद' ही अट मी ठेवली. वाक्य सोपे करण्याच्या नादात 'ऐंशीच्या वरील सर्वांना वाढ मिळालेली नाही' असे लिहिण्याचा मोह होतो. ते वाक्य वाचायला सुलभ, पण असत्य आहे, आणि पहिल्याच नियमित वाढ मिळणाऱ्या माणसाच्या तक्रारीशिवायच्या पावतीने संपूर्ण टिपणावरचा विश्वास उडाला असता. जुन्या पत्राचा दाखलाही एका वाक्यापुरताच ठेवला. पत्राची शाई, पाकीट, गाव असे सगळे सजवत बसलो की वाचणारा पत्रच आठवतो, निवृत्तिवेतन नाही.

वर पाठवण्यापूर्वी टिपण अभियंत्याला वाचायला दिले आणि एकच विचारले, "यात खोटे काही आहे का?" अपुरे काय आहे हे त्याला विचारत नाही. तसे विचारले तर वगळलेले सगळे परत येते.

स्पष्टीकरण पोचले की नाही याची माझी कसोटी एकच आहे: वाचणाऱ्याला टिपणात न लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः काढता आले पाहिजे. वरिष्ठांनी बोलावून विचारले, "म्हणजे 1924 साली जन्मलेल्यांना यंदा दुप्पट मिळायला हवे, आणि ते तुमच्या हाताने तपासायच्या यादीत आहेत?" मी होय म्हटले. "मग ती यादी आधी घ्या. त्यांच्यापाशी वाट पाहायला वेळ नाही."

तपासणीसाठी दोन माणसे दुसऱ्याच दिवशी मिळाली. अहवालावरची चौथी श्रेणी अभियंत्याने खोडून पहिली केली. वर दिलेल्या त्याच्या दोन ओळींतला बाकी एकही शब्द बदलावा लागला नाही.