पट्टीचंच वजन

‘एकसारखी मीटरपट्टी घ्या’ असं प्रश्नात छापलेलं असतं. छापल्यामुळे ती एकसारखी होत नाही. गंगाखेडला प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हाताळलेल्या लाकडी पट्ट्यांची टोकं झिजलेली असतात, पितळी पत्रा एकीकडचा निघालेला असतो. म्हणून मी मुलांना आधी नुसती पट्टी टांगायला लावतो. पट्टी कडेवर उभी धरायची, दोऱ्याचा फास घट्ट आवळायचा आणि गाठ वरच्या कडेवर आणायची. खालून टेकू दिला तर पट्टी जरा कलली की कलतच जाते. वरून टांगली की हेलकावे खात पुन्हा जागेवर येते. पंखा मात्र बंद करावा लागतो, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्यावरून वर्गात कुरकुर होते.

एक पट्टी ५०.२ वर आडवी राहिली. म्हणजे तिचा गुरुत्वमध्य तिथं, आणि पुढचं प्रत्येक अंतर तिथूनच धरायचं.

मग गोदावरीच्या पात्रातला एक गोटा २०.२ वर टांगला. अंतर ३० सेंटीमीटर. दुसऱ्या बाजूला ५० ग्रॅमचं वजन सरकवत नेलं, ते ९२.२ वर स्थिरावलं, अंतर ४२. ५० गुणिले ४२ भागिले ३०, म्हणजे गोटा ७० ग्रॅमचा. इथं हमखास प्रश्न येतो, ‘सर, पट्टीचं वजन कुठं धरलं?’ फास गुरुत्वमध्यावरच आहे, तेव्हा पट्टीचं वजन कितीही असो, ते कुठल्याच बाजूला ओढत नाही.

ते ओढायला लावायचं तर फास हलवायचा. तो ४०.२ वर घेतला की गुरुत्वमध्य उजवीकडे १० सेंटीमीटर जातो आणि पट्टी उजवीकडे झुकते. गोटा आणि ५० ग्रॅमचं वजन काढून डावीकडे १०० ग्रॅम टांगले, २८.२ वर, म्हणजे फासापासून १२ सेंटीमीटरवर, तोल जमला. १०० गुणिले १२ भागिले १०, म्हणजे पट्टी १२० ग्रॅमची. आता सवयीनं गुरुत्वमध्य ५० वर धरून बघा: १० ऐवजी ९.८ येतात आणि पट्टी १२२ ग्रॅमच्या वर जाते. दोन मिलिमीटरांनी दोन ग्रॅम!

म्हणून मी अंतरं आखूड ठेवू देत नाही. फास ४५.२ वर असता तर त्याच दोन मिलिमीटरांनी उत्तर दुप्पट बिघडलं असतं. पडताळ्यासाठी आम्ही फास २०.२ वर नेतो. गुरुत्वमध्याचं अंतर ३० होतं आणि २०० ग्रॅमचं वजन २.२ वर टांगावं लागतं: २०० गुणिले १८ भागिले ३०, पुन्हा १२०. आकडा जुळला नाही तर आधी वजनाचा फास बघायचा. पट्टी कलताना तो कडेवरून हळूच घसरतो आणि मुलं मात्र आधी टिपलेलंच वाचन धरून बसतात.