वाक्याच्या शेवटी हरवलेला नकार

दूरस्थ वर्गातील एका वाक्याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे. ते वाक्य माझेच होते आणि चूकही माझीच होती.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. अहमदपूरहून मी व्हिडिओ कॉलवर संपर्कसत्र घेत होतो. सत्र संपताना मी म्हणालो, “सोमवारी केंद्रावर यायचं नाही, शुक्रवारी यायचं.” सोमवारी किनगावाकडची एक विद्यार्थिनी एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.ने येऊन बंद दारापाशी उभी राहिली. मी फोनवर विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर, तुम्हीच तर या म्हणलाव की!” तिने ऐकले होते ते असे : “सोमवारी केंद्रावर यायचं.” त्यापुढे तिचा कॉल तुटला होता आणि वर्ग संपला, असे तिला वाटले होते.

भाषाविज्ञान शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने या घटनेकडे नीट पाहणे भाग होते. कॉलवर आपला आवाज सलग प्रवाहासारखा जात नाही. त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० तुकडे होतात. जोडणी कमकुवत असली की हे तुकडे अनेकदा झुंडीने हरवतात. एखाद-दुसरा तुकडा हरवला, तर ऐकणाऱ्याचे यंत्र आधीचा ध्वनी थोडा लांबवून ती फट बुजविते. दीर्घ स्वर त्यातून निभावतो. पण ‘प’ किंवा ‘ट’ यांचा क्षणिक स्फोट पुरता नाहीसा होऊ शकतो. एकामागून एक दहा-पंधरा तुकडे गेले, तर लहानसा शब्दच जातो.

शब्द वाक्याच्या मध्यावर गेला, तर खंड जाणवतो आणि श्रोता पुन्हा विचारतो. शेवटी गेला, तर ती शांतता वाक्य संपल्याची वाटते. हिंदीत ‘मत आइए’ म्हणताना नकार क्रियापदाच्या आधी येतो. मराठीत ‘नाही’ बहुधा क्रियापदानंतर, अगदी टोकाला येतो. ‘यायचं नाही’मधून ‘नाही’ गळले, तरी ‘यायचं’ हे पूर्ण आणि नेमके उलट अर्थाचे वाक्य उरते. त्यामुळे चूक झाली, हेच कोणाला कळत नाही.

त्यात माझ्या सवयीची भर पडली. वाक्याच्या शेवटी आपला आवाज स्वाभाविकपणे उतरतो. मी त्याच क्षणी मान खाली घालून कागद चाळत होतो आणि लॅपटॉप हातभर लांब होता. तोंड आणि मायक्रोफोन यांतील अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणाऱ्या आवाजाचा दाब सुमारे निम्मा होतो. खोलीतील घुमारा मात्र तेवढाच राहतो. गोंगाट गाळणारी यंत्रणा मग उतरलेला आवाज पंख्याच्या घरघरीबरोबर पुसून टाकू शकते.

आता मी इअरफोनचा मायक्रोफोन ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन बोटांवर, किंचित बाजूला धरतो. अगदी समोर धरला, तर ‘फ’, ‘भ’ यांसारख्या महाप्राणांचा श्वास त्यावर आदळून फटफट ऐकू येते. बोलताना अक्षरे ताणत नाही, कारण ताणलेला शब्द अनोळखी वाटतो. गती नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवतो, प्रत्येक वाक्यानंतर सुमारे एक सेकंद थांबतो आणि शेवटच्या शब्दापर्यंत आवाज उतरू देत नाही. त्या विरामात श्रोत्याला “सर, तुटलं” असे म्हणता येते. उत्तर उशिरा पोहोचते, हे लक्षात घेऊन तो विराम मी घाईने भरत नाही.

वाक्याची रचनाही बदलली. तीच सूचना आता मी अशी देतो : “सोमवारी केंद्र बंद. सोमवारी सुट्टी. शुक्रवारी या, अकरा वाजता.” यात टोकाच्या एका शब्दावर सारा अर्थ टांगलेला नाही. ‘बंद’ हरवला, तर ‘सुट्टी’ उरते. “ऐकू येतंय का?” असेही विचारत नाही. ‘हो’ या उत्तरातून आवाज पोहोचल्याचे कळते, अर्थ पोहोचल्याचे नाही. “कोणत्या वारी यायचं?” असे विचारून मी उत्तर वदवून घेतो.

या उपायांना मर्यादा आहेत. आवाज सेकंद-सेकंद गायब होऊ लागला, तर कितीही स्पष्ट बोलून उपयोग नाही. तेव्हा प्रथम दोन्हीकडचे चित्र बंद करावे, कारण चित्राला आवाजाच्या कित्येक पट डेटा लागतो. तरीही सुधारणा झाली नाही, तर साधा फोन लावावा आणि वार-वेळ लेखी संदेशाने कळवावी.

आपण स्वतः एक प्रयोग करून पाहा. रोजच्या बोलण्यातील पाच नकारार्थी वाक्ये लिहा आणि प्रत्येकाचा शेवटचा शब्द बोटाने झाका. जे वाक्य झाकल्यावरही निर्धोकपणे अर्थ देते आणि तो अर्थ उलटा असतो, ते वाक्य कॉलवर बोलण्यापूर्वी बदला.