ताळेबंदातला स्वल्पविराम आणि दहापट 'घोटाळा'

मागच्या आठवड्यात एका संस्थेच्या खर्चाचा तक्ता गावातल्या ग्रुपवर फिरत होता. पाणीपुरवठ्यासमोर आकडा होता २३,४५६,७८९. पहिला स्वल्पविराम पाहून लोकांनी वाचलं 'तेवीस कोटी', आणि लगेच चोर-चोर सुरू झालं. खरी रक्कम २,३४,५६,७८९ म्हणजे दोन कोटी चौतीस लाख. खर्च योग्य होता की नाही हा प्रश्न वेगळाच, पण तो विचारायचा तर आधी आकडा तरी नीट वाचता यायला हवा ना!

झालं काय, तर तक्ता एक्सेलमधला होता आणि संगणकाची मांडणी अमेरिकन होती. तिथे दर तीन अंकांनंतर स्वल्पविराम पडतो. आपल्याकडे उजवीकडचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोन अंकांचे गट होतात. विंडोजच्या Region मध्ये जाऊन Digit grouping बदलता येतं, पण ते त्याच संगणकापुरतं. फाइल दुसरीकडे उघडली की पुन्हा तेच. म्हणून मी रकमेच्या रकान्याला Format Cells मधल्या Custom मध्ये हे देतो, ते फाइलसोबत जातं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यात एक अडचण आहे. वजा रक्कम तिसऱ्या भागात पडते, त्यामुळे बारा लाखांची तूट पुन्हा -१,२००,००० अशीच दिसते. तूट असेल तर Digit grouping बदलून पीडीएफ काढलेली बरी.

आता 'रक्कम लाखांत' असा तक्ता घेऊ. यासाठी एक्सेलमध्ये तयार सोय नाही, कारण फॉरमॅटच्या शेवटी दिलेला स्वल्पविराम हजारानेच भागतो. म्हणून वेगळ्या रकान्यात एक लाखाने भागावं लागतं. वरच्याच पाणीपुरवठ्याचे २३४.५७, रस्त्यांच्या ४५,६७,४०० चे ४५.६७ आणि दिवाबत्तीच्या १२,३४,४०० चे १२.३४ होतात. ही छापलेली बेरीज हाताने केली तर २९२.५८ येते. मूळ रुपयांची बेरीज मात्र २,९२,५८,५८९, म्हणजे २९२.५९ लाख. हा ०.०१ चा फरक म्हणजे हजार रुपये कुणी खाल्ले असं नाही, ते फक्त पूर्णांकन आहे. एकूण रक्कम मूळ बेरजेवरूनच काढावी आणि खाली 'पूर्णांकनामुळे फरक संभवतो' ही ओळ द्यावी. दोन दशांश ठेवले आणि फरक दोन-तीन शतांशांपेक्षा जास्त निघाला, ओळी मात्र चारच असल्या, तर जरूर विचारा.

तेव्हा पुढचा तक्ता हातात आला की आधी कोपऱ्यात 'रुपये', 'लाखांत' की 'कोटींत' ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर फॉरवर्ड करू नका, देणाऱ्याला विचारा. आणि स्वल्पविरामांवर विसंबू नका, उजवीकडून अंक मोजा. सहा अंक म्हणजे लाख, आठ अंक म्हणजे कोटी.