एक पत्र ऑफिसात, एक घरी

अभिनंदन मला पहिल्यांदा भेटलं ते आकड्याच्या रूपात. माझे वडील साताऱ्याला तारमास्तर होते. शुभेच्छांच्या तारेसाठी खात्याने ठरावीक इंग्रजी वाक्यं तयार ठेवलेली असत आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. दिवाळीचं वेगळं, लग्नाचं वेगळं, परीक्षेतल्या यशाचं वेगळं. गिऱ्हाईक खिडकीशी येऊन काय झालंय ते सांगे, वडील क्रमांक काढत. तारेवरून तेवढा क्रमांकच जाई आणि पलीकडच्या गावचा तारमास्तर त्याचं पूर्ण वाक्य करून नक्षीदार कागदावर उतरवी. खर्च कमी, वेळ कमी, आणि इंग्रजी चुकायची भीती नाही.

तार गेली की बरीच मंडळी तिथेच थांबत आणि वडिलांना म्हणत, "मास्तर, घरच्यांसाठी दोन ओळी मराठीत लिहून द्या की." मग वडील इनलँड पत्र पुढे ओढत. मुंबईला नोकरीत वर चढलेल्या भावाला इंग्रजी तार पोचली, हे ऑफिसच्या दृष्टीने पुरेसं होतं. गावाकडे त्याची आई होती, बायको होती, आणि त्यांना तारेचा कागद दाखवून भागत नसे. तार म्हटलं की आधी धसकाच बसायचा. इनलँड पत्रात वडील आधी तब्येतीची चौकशी करत, मग बातमी लिहीत, मग पगार कितीने वाढला आणि बिऱ्हाड कधी न्यायचं ठरलंय ते. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही. तारसेवा 2013च्या जुलैत बंद झाली तेव्हा वडील नव्हते, पण एकाच बातमीचे दोन कागद ही त्यांची पद्धत तोवर माझ्या हातात पक्की बसली होती.

मी बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि पुढे ऑफिसर झाले. त्या वेळी विभागीय व्यवस्थापकांचं डी. ओ. लेटर आलं. डी. ओ. पत्राची एक रीत असते: मजकूर टाइप केलेला, पण वरचं 'डिअर अमुक' आणि खालचा निरोप साहेबांनी स्वतः शाईने लिहिलेला. त्या शाईचं मला फार अप्रूप वाटलं. आईने पत्र देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारच्या मास्तरीणबाईंना वाचायला बोलावलं. बाईंनी वाचून अर्थ सांगितला. सगळं ऐकून आई म्हणाली, "यात तू काय काम केलंस ते कुठं लिहिलंय?" ते लिहिलेलं नव्हतंच. तेच पत्र नाव बदलून कुणालाही चाललं असतं.

आईच्या त्या प्रश्नावर मी पुढची सगळी अभिनंदनं लिहिली. सहकाऱ्याला बढती मिळाली की इंग्रजी मेल चार-पाच वाक्यांपलीकडे नेत नसे, पण त्यातलं एक वाक्य फक्त त्याच माणसाला लागू पडेल असं असे. ते सुचलं नाही तर मी मेल लिहायला बसत नसे. आधी त्या टेबलावर जाऊन विचारत असे की गेल्या वर्षात यांनी असं काय केलं, जे आधी होत नव्हतं. उत्तर हमखास मिळे, आणि बहुतेक वेळा ते शिपाई किंवा कॅशियरकडून मिळे.

काय लिहायचं नाही, तेही तितकंच ठरलेलं आहे. बँकेच्या मेलवर लिहिलेलं दप्तरी राहतं, पुढे पाठवलं जातं, आणि यादीत नाव न आलेला माणूस शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. म्हणून 'अॅट लास्ट' किंवा 'फायनली' नाही. त्यातून इतकी वर्षं डावललं असा सूर निघतो. मुलाखतीच्या गुणांचा उल्लेख नाही, राहिलेल्यांशी तुलना नाही, पार्टीची मागणी नाही. नवं पद परिपत्रकात बघूनच लिहायचं. स्केल टूच्या जागी स्केल थ्री पडलं तर वाचणारा आणि लिहिणारा दोघंही ओशाळतात. यादी अधिकृतपणे लागेपर्यंत थांबायचं, आणि लागली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी पाठवायचं. आठवडा गेला की ते अभिनंदन उरत नाही, हजेरी होते. आणि एक बारीक गोष्ट. आपल्याकडे सर्रास 'काँग्रॅच्युलेशन्स फॉर युवर प्रमोशन' लिहितात. तिथे 'ऑन' हवं, आणि 'काँग्रॅच्युलेशन्स'च्या शेवटचा 'स' खायचा नाही.

मी शाखा व्यवस्थापक असताना आमच्या शाखेत एक तरुण कृषी अधिकारी होती. स्केल वनमधून स्केल टूमध्ये तिचं नाव लागलं. तिला मी लिहिलेला मेल असा होता: "काँग्रॅच्युलेशन्स ऑन युवर प्रमोशन टू स्केल टू. बिकॉज ऑफ यू, एव्हरी क्रॉप लोन कस्टमर ऑफ धिस ब्रँच नाऊ गेट्स अ कॉल बिफोर द ड्यू डेट. आय हॅव लर्न्ट अ लॉट फ्रॉम द वे यू टॉक टू अ वरीड फार्मर. आय विश यू द व्हेरी बेस्ट इन द न्यू रोल." एवढंच. वर तिचं नाव, खाली माझं. प्रत विभागीय कार्यालयाला, कारण दुसरं वाक्य त्यांनीही वाचावं असं मला मनापासून वाटत होतं.

त्या वाक्यामागचं काम सांगायला हवं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज शेतकऱ्याला सात टक्क्यांनी मिळतं, आणि मुदतीत फेडलं तर केंद्र सरकारकडून आणखी तीन टक्क्यांची सूट मिळते, म्हणजे व्याज चारवर येतं. मुदत टळली की सूट गेली. पुष्कळांच्या हातात पैसे असतात, पण तारीख ध्यानात राहत नाही, किंवा नूतनीकरणाला सात-बाराचा उतारा लागतो तो काढायचा राहून जातो. या मुलीने खातेदारांची मुदतीप्रमाणे यादी लावली, महिनाभर आधी फोन करायला सुरुवात केली, आणि फोनवर पहिलं वाक्य 'कर्ज भरा' असं न ठेवता 'तुमची सूट जाईल बरं का' असं ठेवलं. लोक आपणहून यायला लागले.

बढतीबरोबर बदली येते हे बँकेत सगळ्यांना माहीत असतं. यादी लागली तरी गाव कोणतं हे लगेच कळत नाही. एकट्या पुरुषाच्या बाबतीत घरचे दोन दिवस हळहळतात आणि बॅग भरून देतात. लहान मूल असलेल्या सुनेच्या बाबतीत घरी बैठक बसते, आणि चांगल्या, कर्तबगार मुली त्या बैठकीनंतर बढती नाकारल्याचा अर्ज घेऊन केबिनमध्ये आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या अर्जावर सही करताना मला दर वेळी वाईट वाटलं. घरच्यांना तिने काय मिळवलंय याची कल्पनाच नसायची. त्यांच्यापर्यंत फक्त बदली पोचलेली असायची. इंग्रजी मेल मुलीच्या फोनमध्ये राही आणि घरात निर्णय मराठीत होई.

म्हणून तिला विचारून मी तिच्या सासरी पत्र लिहिलं. मेलचं भाषांतर करायचं नाही हे ठरलेलंच होतं, कारण तिथे 'स्केल टू' हा शब्द कुणाच्या कामाचा नव्हता. मायना आधी नक्की केला. सासूसासरे माझ्याच वयाच्या आसपासचे, म्हणून साष्टांग नमस्काराऐवजी सप्रेम नमस्कार. दोघंही हयात आहेत ना, हे तिला विचारून घेतलं, 'सौ.' आणि 'श्रीमती' यांत चूक झाली तर पुढचं पत्र कुणी वाचत नाही. पत्र असं होतं:

"श्री. भाऊ व सौ. ताई यांना सप्रेम नमस्कार, वि. वि. तुमच्या सूनबाईंना बँकेत बढती मिळाली, त्याबद्दल तुम्हा सर्वांचं मनापासून अभिनंदन. त्या आता मॅनेजर झाल्या. त्यांनी इथे काय केलं ते त्या स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते. पीक कर्ज मुदतीत भरलं तर व्याजात सूट मिळते हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती सूट जाऊ नये म्हणून त्यांनी इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला वेळेआधी फोन केले. या भागातल्या कितीतरी घरांचे पैसे त्यामुळे वाचले, आणि ती माणसं आज त्यांचं नाव घेतात. परीक्षेच्या दिवसांत ताईंनी नातवाला सांभाळलं, म्हणून सूनबाईंना अभ्यासाला बसता आलं. आता बदली होईल. गाव अजून कळलेलं नाही. काही विचारायचं असेल तर माझा नंबर खाली दिला आहे, निःसंकोच फोन करा. कळावे, लोभ असावा."

पाठवण्याआधी तिला वाचायला दिलं. नातवाचं वाक्य पहिल्या खर्ड्यात नव्हतं, ते तिने घालायला सांगितलं. "मॅडम, सासूबाई पहाटे त्याला घेऊन ओसरीवर बसायच्या, मला आवाज येऊ नये म्हणून. हे कुणी तरी लिहायला पाहिजे." बदलीचं वाक्य काढू का, असंही मी विचारलं. ती म्हणाली, राहू दे, लपवलं तर पुढे जड जाईल. माहेरचं पत्र वेगळं लिहिलं. तिथे वडिलांनी तिला कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात ठेवलं तेव्हाच्या दिवसांचा उल्लेख केला आणि बदलीबद्दल काहीच लिहिलं नाही, कारण तो निर्णय त्या घरात व्हायचा नव्हता.

हल्ली शाखेच्या व्हॉट्सअॅप गटावर यादी लागताक्षणी गुच्छांची रांग लागते. ती लागावी, त्यातही आनंद आहे. पण गुच्छ घरी वाचून दाखवता येत नाहीत. निवृत्त झाल्यावरही जुने सहकारी कधी मेलचा खर्डा दाखवायला येतात, तेव्हा मी इंग्रजीतला 'ऑन' आणि पद तपासून देते आणि विचारते, घरी कोण कोण आहे.

त्या मुलीच्या सासऱ्यांचा फोन चार-पाच दिवसांनी आला. पत्र मिळालं म्हणाले, शेजारच्या दोघांना वाचून दाखवलं म्हणाले. त्यांचंही पीक कर्ज होतं, दुसऱ्या बँकेत, आणि मागच्या साली त्यांची सूट गेली होती. ती का गेली हे त्यांना आत्ता कळलं. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. नव्या गावी राहायची सोय बँक करते का? मी सांगितलं, भाड्याचं घर बँक घेऊन देते, भाड्याची मर्यादा गावाप्रमाणे ठरते, आणि घर आपण पसंत करायचं असतं. नातवाच्या शाळेचं वर्ष मध्येच मोडेल का? मी म्हटलं, वर्ष संपेपर्यंत मुदत मिळावी असा अर्ज करता येतो. मिळेलच असं नाही, पण अर्ज आजच द्यायला सांगा, बदलीचा आदेश निघाल्यावर तो जड जातो. ते जरा थांबले आणि आत हाक मारून म्हणाले, "अगं, कागद-पेन आण, मॅडम काय सांगताहेत ते लिहून घेऊ."